मदत हवी आहे: तीन वेळा पासवर्ड बदलूनही खात्यात कोणीतरी शिरतो आहे

माटोळी (फोंडा): आमच्या भजनी मंडळाची वाहिनी यूट्यूबवर आहे आणि तिच्यावर चवथीच्या घुमट आरत्यांचे गेल्या सहा वर्षांचे ध्वनिचित्रण आहे. सोमवारी रात्री वाहिनीचे नाव बदलले, आमच्या सर्व चित्रफिती लपवल्या गेल्या आणि तेथे कसल्यातरी आभासी चलनाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले. मी त्याच रात्री पासवर्ड बदलला, मंगळवारी पुन्हा बदलला आणि काल तिसऱ्यांदा बदलला, तरीही तो माणूस परत शिरतो. अँटिव्हायरसने संपूर्ण संगणक तपासला, काहीही सापडले नाही. शनिवारी मंडळाचा कार्यक्रम आहे. कृपया उपाय लवकर सांगावा.

डिचोलीकर: आपण द्विस्तरीय पडताळणी सुरू केलेली नसणार. ती सुरू करा, म्हणजे मोबाइलवर आलेल्या संकेतांकाशिवाय कोणालाही आत येता येणार नाही. माझ्या कार्यालयात सर्वांना मी हेच करायला लावले आहे.

माटोळी: ती दोन वर्षांपासून सुरू आहे. सोमवारी मला एकही संकेतांक आला नाही, म्हणून तर मी गोंधळलो आहे.

रायबंदर_फेरी: माटोळीबाब, संकेतांक न येता कोणी आत शिरला, यातच बरेचसे उत्तर आहे, पण काही गोष्टी आपण सांगितलेल्या नाहीत. सोमवारच्या आधी त्या संगणकावर नवीन काय उतरवले होते? ते कोठून मिळाले? आणि तिन्ही वेळा पासवर्ड कोणत्या यंत्रावरून बदलला?

माटोळी: रविवारी चित्रफीत संपादनाचे एक सॉफ्टवेअर उतरवले होते, पण ते चाललेच नाही, म्हणून त्याचा संबंध नसावा. पहिल्यांदा पासवर्ड त्याच संगणकावरून बदलला, नंतरच्या दोन्ही वेळा घरातल्या लॅपटॉपवरून. मला उपाय हवा आहे, चौकशी नको.

रायबंदर_फेरी: जे चालले नाही, त्याचाच संबंध बहुधा आहे. शोधाच्या निकालात सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेल्या दुव्यावरून ते घेतले का? झिपला पासवर्ड होता का आणि तो त्याच पानावर दिलेला होता का? अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले होते का?

माटोळी: होय, सर्वांत वरचाच दुवा होता. मूळ सॉफ्टवेअर विकत घेणे मंडळाला परवडत नाही, म्हणून मी ‘फुल व्हर्जन क्रॅक फ्री’ असे शोधले होते. पासवर्ड 1234 होता. क्रॅकला अँटिव्हायरस नेहमीच हरकत घेतो, म्हणून तो बंद करा, असे तेथे लिहिले होते आणि ते मला पटले. झिप फक्त 9 एमबीची होती, पण उघडल्यावर आतली फाइल 700 एमबीहून मोठी निघाली, म्हणून ती खरी असावी असे वाटले. दोनदा टिचकी मारली, क्षणभर काळी चौकट दिसली आणि पुढे काहीच घडले नाही.

म्हापसेकर_शेट: चोरीचा माल घ्यायला गेलात आणि घरात चोर शिरला, यात तक्रार कसली करायची? क्रॅक वापरणाऱ्यांना मदत करणे हेच मला चुकीचे वाटते.

सांतेर: शेटबाब, हा राग येथे अपुरा आहे. जानेवारी 2023 मध्ये ओबीएस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, नोटपॅड प्लस प्लस अशा मुळातच विनामूल्य असलेल्या सॉफ्टवेअरच्या नावानेही शोधनिकालांत अशाच बनावट जाहिराती झळकत होत्या. ज्यांनी कसलाही क्रॅक शोधला नव्हता, त्यांचीही खाती गेली. त्याआधी महिनाभर, डिसेंबर 2022 मध्ये, अमेरिकेच्या एफबीआयने शोधनिकालांतील बनावट जाहिरातींबद्दल लोकांना सावध केले होते. जाहिरात पैसे मोजून वर येते; ती देणारा त्या सॉफ्टवेअरचा मालकच असतो, असे नाही.

म्हापसेकर_शेट: त्या लोकांची फसवणूक झाली, हे मान्य आहे. येथे मात्र अँटिव्हायरस स्वतःच्या हाताने बंद केला आहे, आणि हा फरक मी सोडणार नाही.

रायबंदर_फेरी: तो फरक आहेच, पण आता मंडळाचे खाते वाचवणे निकडीचे आहे. माटोळीबाब, आपण दिलेले आकडेच पुरेसे बोलतात. 700 एमबीचा खरा प्रोग्रॅम 9 एमबीत मावत नाही. फाइलच्या पोटात नुसती शून्ये भरलेली असली, तरच ती इतकी दाबली जाते. अशी फुगवलेली फाइल अनेक तपासण्या आकार पाहूनच सोडून देतात. संशयित फाइली तपासून देणारे व्हायरसटोटल हे संकेतस्थळसुद्धा 650 एमबीहून मोठी फाइल घेत नाही. झिपला पासवर्ड देण्याचे कारणही तेच, की उतरवताना तिच्या आत कोणाला डोकावता येऊ नये.

त्या क्षणभराच्या काळ्या चौकटीत काम उरकलेले असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, पत्ते, कार्डांचे क्रमांक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुकी उचलून बाहेर पाठवल्या जातात. आपण एकदा पासवर्ड आणि संकेतांक देऊन आत गेलात, की ‘हा माणूस तपासलेला आहे’ अशी चिठ्ठी, म्हणजेच कुकी, ब्राउझरकडे राहते. ती चिठ्ठी चोराने स्वतःच्या ब्राउझरमध्ये ठेवली, तर त्याला पासवर्डही विचारला जात नाही आणि संकेतांकही पाठवला जात नाही. डिचोलीकरांचा सल्ला पासवर्ड चोरणाऱ्यासाठी योग्य आहे, चिठ्ठी चोरणाऱ्यासाठी तो पुरत नाही. असे कित्येक प्रोग्रॅम काम झाल्यावर स्वतःला पुसूनही टाकतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत काही सापडले नाही, तर त्यावरून संगणक स्वच्छ आहे असे ठरत नाही.

डिचोलीकर: याला माझा आक्षेप आहे. क्रोम आता कुकी कुलूपबंद ठेवतो, दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या वाचता येत नाहीत, असे मी वाचले आहे.

रायबंदर_फेरी: आपण वाचले ते खरे आहे. विंडोजवरील क्रोम 127 मध्ये, जुलै 2024 मध्ये, ती सोय आली आणि त्यामुळे चोरांचे काम अवघड झाले. परंतु काही महिन्यांतच ल्युमा, विदार यांसारख्या चोर-प्रोग्रॅमांनी त्यातून वाट काढली. त्या कुलपावर विसंबू नये.

काणकोण_77: माझीही अशीच अडचण झाली होती. नवे चित्रपट फुकट दाखवणारे एक ॲप मी जाहिरातीवरून मोबाइलवर घेतले. त्याने आधी संदेश वाचण्याची आणि मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली, ती दिल्यावर ॲप काढूच देईना, काढायला गेले की सेटिंगचे पान आपोआप बंद होई. शेवटी मोबाइल ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून परवानगी काढली, तेव्हा ते गेले. आपणही सेफ मोड करून पाहावा.

सांतेर: काणकोणबाब, आपला अनुभव मोबाइलचा आहे, येथे विंडोजचा संगणक आहे, सेफ मोडने बाहेर गेलेल्या कुकी परत येणार नाहीत. मात्र चित्रपट दाखवणाऱ्या ॲपला संदेश वाचायचे कारणच नाही, ही आपली खूण येथे वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

माटोळी: कारण कळले. आता नेमके काय करू? आणि पासवर्ड बदलल्यावर ती चिठ्ठी बाद का झाली नाही?

रायबंदर_फेरी: जुनी चिठ्ठी बाद झाली असणार, कारण गूगल खात्याचा पासवर्ड बदलला की काही अपवाद वगळता इतर सर्व ठिकाणचा प्रवेश तुटतो. पण पहिल्यांदा आपण त्याच संगणकावरून बदल केला. तेथे काही शिल्लक राहिले असेल, तर नवा पासवर्ड आणि नवी चिठ्ठी दोन्ही त्याच वाटेने गेले. त्याखेरीज आत असताना चोराने स्वतःसाठी एखादी मागची खिडकी उघडून ठेवली असावी.

म्हणून आधी त्या संगणकाची इंटरनेटची तार काढा आणि वायफाय बंद करा. मग ज्यावर रविवारी काहीही उतरवलेले नाही, अशा मोबाइलवरून, घरातले वायफाय न वापरता, पासवर्ड बदला. लगेच खात्याच्या सुरक्षा पानावर ‘Your devices’ उघडा आणि हातातला मोबाइल सोडून प्रत्येक यंत्र बाहेर काढा. तेथेच पासवर्डऐवजी प्रवेश देणारी, पण आपली नसलेली पासकी, अनोळखी पुनर्प्राप्ती क्रमांक आणि परवानगी दिलेली परकी ॲप्स आहेत का, ते पाहा. शेवटी मित्राच्या संगणकावर, खाजगी खिडकीत, जीमेलच्या सेटिंगमधील ‘Filters’ आणि ‘Forwarding’ ही दोन पाने वाचा. काम झाल्यावर बाहेर पडण्यास विसरू नका.

माटोळी: मोबाइलवरून केले. एक पासकी माझी नव्हती, ती काढली. पुनर्प्राप्ती क्रमांक माझाच आहे. शेजाऱ्यांच्या संगणकावर पाहिले, तर ‘Filters’मध्ये एक नियम निघाला: `no-reply@accounts.google.com` या पत्त्यावरून आलेले पत्र थेट कचऱ्यात टाकावे. म्हणूनच मला एकही इशारा दिसला नाही! कचऱ्यात अकरा इशारे पडलेले आहेत.

सांतेर: हा नियम पुसण्यापूर्वी त्याचे आणि त्या इशाऱ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोलिसांकडे जाल, तेव्हा वेळेसह हाच पुरावा लागेल. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे. पैसे गेले असतील, तर मात्र वेळ न दवडता 1930 वर फोन करावा.

माटोळी: पैसे गेलेले नाहीत. मंडळाच्या बँक खात्याचा पासवर्ड त्या ब्राउझरमध्ये साठवलेला होता, तोही बदलू का?

रायबंदर_फेरी: तो आत्ता, या मोबाइलवरून, बाकी सर्व कामांच्या आधी बदला आणि खजिनदारांनाही कळवा. त्या ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला, असेच धरून चाला. डेस्कटॉपवर आधार किंवा पॅनच्या प्रती असतील, तर त्याही गेल्या असण्याची शक्यता आहे.

संगणकाबद्दल म्हणाल, तर तो पुन्हा तपासत बसू नका. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर विंडोजचा पेन ड्राइव्ह तयार करा, जुने सर्व विभाग पुसा आणि नव्याने बसवा. ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती आधी बाहेर काढा, पण एकही झिप किंवा प्रोग्रॅम सोबत नेऊ नका.

डिचोलीकर: एवढे कशासाठी? विंडोजमधील ‘Reset this PC’ हा पर्याय आपल्या फाइली राखून सगळे स्वच्छ करतो.

रायबंदर_फेरी: फाइली राखल्या, तर डाउनलोडच्या कप्प्यातील ती झिपही राखली जाईल आणि उद्या घरातले कोणीतरी ती पुन्हा उघडील. संपूर्ण पुसून तोच पर्याय वापरला, तर बहुतेक वेळा पुरते, हे मी मान्य करतो. येथे तीनदा प्रवेश झाला आहे, म्हणून मी तो धोका पत्करणार नाही.

मला अजून एक गोष्ट जुळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी आपण लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला. पासकीमुळे चोर परत आला असेल, पण ती नेमकी केव्हा जोडली गेली, ते पाहिले का?

माटोळी: त्या पासकीपुढे मंगळवार रात्रीची वेळ होती, म्हणजे लॅपटॉपवरून पासवर्ड बदलल्यानंतरची. लॅपटॉपवर मी काहीही उतरवलेले नाही.

सांतेर: ती झिप पेन ड्राइव्हवर घेतली होती का?

माटोळी: आत्ताच धाकट्या भावाला विचारले. माझ्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालले नाही, म्हणून त्याने सोमवारी दुपारी तीच झिप पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर नेली आणि अँटिव्हायरस बंद करून उघडून पाहिली. तेथेही काळी चौकट दिसली होती. आता लॅपटॉपचीही तार काढली आहे. त्यावर त्याच्या महाविद्यालयाचे आणि आईच्या पेन्शनचे खाते उघडे होते, त्यांचे पासवर्ड आधी बदलायला घेतो. वाहिनी परत मिळावी म्हणून यूट्यूबकडे अर्ज केला आहे, उत्तर आलेले नाही. लपवलेल्या चित्रफिती पुसल्या गेल्या नसतील ना, हे कोणाला सांगता येईल का?

रायबंदर_फेरी: लपवलेल्या असतील, तर यूट्यूब स्टुडिओच्या ‘Content’ पानावर त्या ‘Private’ अशा खुणेसह दिसतील आणि परत उघड्या करता येतील. तेथे त्या नसतील, तर त्या पुसलेल्या आहेत, आणि मग यूट्यूबच्या उत्तराचीच वाट पाहावी लागेल. आधी पेन्शनचे खाते पाहा.