मदत हवी आहे : व्हरांड्यात सूर्यमाला मांडतेय, शनी बसत नाही

खानापूरच्या_बाई
सातवीला सूर्यमाला शिकवायची आहे, सोमवारी मांडणी. बेळगावहून थर्माकोलचे गोळे आणले, रंगवून झाले. एक कोटी किलोमीटरला एक मीटर धरलं. मंगळापर्यंत छान बसतं, पण गुरूला जागाच नाही आणि शनी तर कंपाउंडच्या बाहेर. माप किती घेऊ? लवकर सांगा.

भूगोलवाले_सर
व्हरांडा किती लांब? गोळे केवढे? गोळ्यांनाही तेच माप लावलंय का?

निपाणीकर
सोपं आहे मॅडम. एक कोटीला ५ सेंमी धरा. नेपच्यून साडेबावीस मीटरवर येतो. आमच्या शाळेत असंच केलं होतं, गोळे आहेत तेच ठेवा.

खानापूरच्या_बाई
व्हरांडा ३२ मीटर. सूर्य ३० सेंमी, पृथ्वी ५ सेंमी. गोळे दुकानात मिळाले तसे घेतले, त्यांना माप नाही लावलं. निपाणीकर सरांचं जमेल असं वाटतंय.

भूगोलवाले_सर
थांबा बाई. निपाणीकरांचं अंतराचं गणित बरोबर आहे, गोळ्यांचं नाही. त्या मापाने पृथ्वी सूर्यापासून ७५ सेंमीवर येते. तिथे ३० सेंमीचा सूर्य आणि ५ सेंमीची पृथ्वी ठेवली की मुलांना दोघं शेजारी-शेजारी दिसणार, आणि तेच चित्र त्यांच्या डोक्यात राहणार. खरं तर त्या मापाने सूर्य ७ मिलिमीटरचा, वाटाण्याएवढा. पृथ्वी डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

तुमचं पहिलं माप उत्तम आहे, तेच ठेवा आणि गोळे बाजूला करा. सूर्य १४ सेंमीचा, म्हणजे सोललेला नारळ. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, बारीक राईचा दाणा. शुक्रही तेवढाच. बुध आणि मंगळ खसखशीएवढे. बुध ६ मीटरवर, शुक्र ११, पृथ्वी १५, मंगळ २३. चौघेही व्हरांड्यात बसले. गुरू गोटीएवढा, तो ७८ मीटरवर. शनी जरा लहान गोटी, १४३ वर. युरेनस, नेपच्यून मिरीच्या दाण्याएवढे, २८७ आणि ४५० मीटरवर. ते गावात जाऊन ठेवायचे.

निपाणीकर
आणि पोरांना घेऊन रस्त्याने साडेचारशे मीटर जायचं? एखाद्याला लागलं तर जबाबदार कोण? व्हरांड्यात नेपच्यून दिसला पाहिजे, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

आकाशवेडा_बेळगाव
शनीची कडी दाखवायची असेल तर ८ इंची दुर्बीण घ्या. मी पावसाळा संपला की गच्चीवर लावतो. खानापूरला आकाश बेळगावपेक्षा काळं आहे, कडी स्वच्छ दिसतील.

चंदगडची_सुमन
बाईंनी दुर्बिणीचं कुठे विचारलंय भाऊ?
बाई, मी हे केलंय. राईचा दाणा हातात दिला की हरवतो, आणि मुलं पृथ्वी शोधत बसतात. दाणा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पारदर्शक चिकटपट्टीखाली दाबा, पुठ्ठा काठीला बांधा, काठी वाळूच्या डब्यात रोवा. आणि काथ्याची दोरी अंतर मोजायला घेऊ नका. ती ताणते, दर खेपेला वेगळं अंतर येतं. टेप घ्या.

खानापूरच्या_बाई
पण माप बरोबर बसलंय हे मुलांना कसं पटवू? त्यांना वाटेल, बाईंनी आकडे सांगितले म्हणून ठेवलं.

भूगोलवाले_सर
पृथ्वीच्या काठीजवळ उभं करा आणि हात पूर्ण लांब करून करंगळीचं नख नारळावर धरायला सांगा. नारळ नखाच्या साधारण निम्म्याएवढा दिसेल. रात्री घरी पौर्णिमेच्या चंद्रावर तसंच नख धरायचं. आकाशात सूर्य आणि चंद्र जवळपास सारखेच मोठे दिसतात, म्हणून चंद्र नारळाएवढाच भरेल. सूर्याकडे मात्र कुणी पाहायचं नाही, हे आधी दोनदा बजावा. नारळ फार मोठा किंवा लहान भरला तर अंतर चुकलंय, पुन्हा मोजा.

दुसरं, सगळे ग्रह एका रांगेत ठेवलेत तर ते आकाशातही तसेच रांगेत असतात असं मुलं धरून बसतात. गुरू पटांगणाच्या एका टोकाला, शनी दुसऱ्या दिशेला असा ठेवा. रस्ता वळत असेल तर पावलं मोजून उपयोग नाही, सूर्यापासूनचं सरळ अंतर हवं.

खानापूरच्या_बाई
आत्ताच फिरून आले. आमच्याकडे सरळ साडेचारशे मीटर धरले तर नेपच्यून मारुतीच्या देवळापलीकडे भाताच्या खाचरात येतो. सध्या तिथे गुडघाभर चिखल आहे.

निपाणीकर
तेच मी म्हणत होतो.

चंदगडची_सुमन
मग मुलं देवळाच्या पारावरच थांबू देत. खाचरातल्या बांधावर कुणा मोठ्याला काठीला लाल कापड बांधून उभं करा. मिरी दिसणार नाही, पण कापड दिसेल.

खानापूरच्या_बाई
हे जमेल. मुख्याध्यापकांना विचारते. आणि चंद्र कुठे ठेवू?

भूगोलवाले_सर
पृथ्वीच्याच पुठ्ठ्यावर, राईपासून चार सेंमीवर. बॉलपेनाचा ठिपका द्या, जमेल तेवढा बारीक.