अनुभव सांगा: डिशवॉशर आणि फ्रिजवरची परक्या भाषेतली अक्षरं

पारिजातक
गेल्या वर्षी म्युनिकला भाड्याच्या घरात राहायला आलो. जुन्या भाडेकरूंनी स्वयंपाकघर डिशवॉशरसकट आम्हाला विकलं, पण मशीनची माहितीपुस्तिका काही दिली नाही. पॅनेलवर `Intensiv 70°`, `Auto 45-65°`, `Eco 50°`, `Glas 40°`, `Schnell` आणि `Vorspülen` अशी बटणं आहेत. आकडे म्हणजे तापमान, एवढं कळलं. `Eco` दाबल्यावर `3:25` दिसलं तेव्हा जवळजवळ साडेतीन तास भांडी कोण धुणार म्हणून आधी बंदच केलं. नंतर कळलं की ते खरोखरच तेवढा वेळ चालतं.

पण माझा खरा अनुभव वेगळा आहे. दोन महिन्यांत काचेचे पेले आणि स्टीलच्या वाट्या पांढुरक्या दिसायला लागल्या. पेला ओला असताना स्वच्छ, वाळला की त्यावर पिठाचं बोट फिरवल्यासारखा थर. मी भांडी धुण्याच्या टॅब्लेट बदलल्या, `Intensiv` लावून पाहिलं, काही फरक नाही. पाणी मऊ करायला मशीनमध्ये खास मीठ घालतात. ते संपल्याचा दिवा कधी लागला नाही, म्हणून मीठ भरपूर असणार अशीच माझी समजूत. एकदा पुसताना एक बटण चुकून दाबलं जाऊन पडद्यावर `H:00` आलं. H म्हणजे तास आणि शून्य तास उरलेत असं वाटलं, म्हणून बंद करून पुन्हा चालू केलं.

ते तास नव्हते. H म्हणजे `Wasserhärte`, पाण्याचा जडपणा. तुमचे असे अनुभव इथे लिहा. कुठलं अक्षर, तुम्हाला काय वाटलं, खरं काय निघालं आणि मशीनवर किंवा अन्नावर काय परिणाम झाला, एवढं आलं तर दुसऱ्याला उपयोग होईल. जर्मनच हवं असं नाही.

खमंग
ताई, मीठबीठ काही लागत नाही. आता सगळ्या टॅब्लेट मल्टी असतात, मीठ आणि भांडी चमकवणारा `Klarspüler` दोन्ही त्यातच. मी चार वर्षं मीठ घातलेलं नाही आणि माझे पेले चकचकीत आहेत. `Eco` तर मी लावतच नाही. साडेतीन तास वीज जाळायची कशाला? `Schnell` अर्ध्या तासात होतं.

कृष्णाकाठ
मी मूळचा सांगलीचा. जर्मनीत घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं काम करतो, बारा वर्षं झाली. पारिजातक, तुमचं `H:00` वाचलं आणि काय झालं असेल ते लक्षात आलं.

मशीनच्या तळाशी मिठाचं तोंड असतं ना, त्या मिठाचं पाणी भांड्यांवर फिरत नाही. आत बारीक मण्यांसारखं राळेचं भांडं असतं. नळाचं पाणी आधी त्यातून जातं आणि पाण्यातला चुना त्या मण्यांना चिकटतो. मणी भरले की मशीन त्यांच्यावरून मिठाचं पाणी सोडून त्यांना पुन्हा मोकळं करतं. हे किती वेळा करायचं ते त्या H च्या आकड्यावर ठरतं. `H:00` म्हणजे ही सगळी व्यवस्थाच बंद. आणि ती बंद असली की मिठाचा दिवाही लागत नाही. दिवा न लागणं म्हणजे मीठ आहे असं नव्हे. तुमच्याआधीच्या माणसाने मल्टी टॅब्लेट वापरायच्या म्हणून ते शून्यावर नेलं असणार.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मशीनांत `H:00` ते `H:07` अशा पायऱ्या असतात. पाण्याचा जडपणा इथे जर्मन अंशांत मोजतात. `H:02` म्हणजे 9 ते 10 अंश, `H:04` म्हणजे 13 ते 16, `H:05` म्हणजे 17 ते 21. दुसऱ्या बनावटीत पायऱ्या वेगळ्या असतील, म्हणून दाराच्या कडेवरचा मॉडेल क्रमांक टाकून पुस्तिका उतरवून घ्या. आपल्या भागाचा आकडा गावच्या पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर मिळतो. म्युनिकचं पाणी जड. बोडेन सरोवराचं पाणी जिथे येतं, तिथे साधारण 9 अंश. म्हणजे एकच मशीन स्टुटगार्टहून म्युनिकला आणलं तर आकडा बदलावा लागतो. इथे लोक स्वयंपाकघर उचलून नवीन घरी नेतात, तेव्हा हे हमखास विसरतं.

पारिजातक
कृष्णाकाठदादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं, ते जसं घडलं तसं लिहिते.

आधी एक पेला साध्या व्हिनेगरमध्ये वीस मिनिटं बुडवला. थर पूर्ण निघाला, म्हणजे तो चुनाच. मग पुस्तिकेप्रमाणे एक बटण दाबून धरत मशीन चालू केलं, `H:00` आलं. त्याच बटणाने एकेक आकडा वाढतो. आमच्या भागाचा आकडा 17 च्या थोडा वर आहे, म्हणून `H:05`. चालू-बंदचं बटण दाबलं की ते साठवलं जातं. लगेच मिठाचा दिवा लागला, दोन बाणांनी बनलेला S. इतके महिने तो का लागला नाही, ते तेव्हा खरं कळलं.

झाकण उघडलं तर भांडं अगदी कोरडं. पहिल्यांदा भरताना आधी लिटरभर पाणी ओतायचं आणि मग मीठ, तसं केलं. नरसाळ्यातून सव्वा किलोचं पाकीट जवळजवळ सगळं गेलं. मीठ जाईल तसं खारं पाणी बाहेर सांडत होतं. ते पुसून लगेच एक पूर्ण फेरी लावली. तिसऱ्या धुण्यानंतर नवीन थर दिसेना. जुना थर मात्र व्हिनेगरनेच काढावा लागला, मशीनने तो गेला नाही.

कृष्णाकाठ
लगेच फेरी लावलीत ते फार चांगलं केलंत. खारं पाणी रात्रभर स्टीलवर राहिलं तर तांबेरा धरतो. आणि मीठ डिशवॉशरचंच, स्वयंपाकातलं नको. त्यात मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ आणि आयोडीन असतं.

खमंगताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. मल्टी टॅब्लेटच्या पाकिटावर बहुतेक 21 अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, आणि तुमच्याकडचं पाणी मऊ असेल तर मीठ न घालताही पेले छान राहतील. पण `Schnell` मध्ये टॅब्लेट पूर्ण विरघळायला वेळ पुरत नाही. विजेचं म्हणाल, तर वीज खाते ती पाणी तापवताना. पंप फिरवायला फार लागत नाही. `Eco` पाणी कमी तापवतं आणि भांडी जास्त वेळ भिजत ठेवतं, म्हणून वेळ जास्त, वीज कमी.

खमंग
आमच्या गावचा आकडा पाहिला, 6 अंश. म्हणजे माझे पेले पाण्यामुळे चकचकीत आहेत. पण 17 अंशांच्या पाण्यात पाकिटावर 21 लिहिलेल्या टॅब्लेटनेही थर का आला, हे मला अजून समजलेलं नाही.

कृष्णाकाठ
मलाही त्याचं एकच कारण सांगता येणार नाही. छोटी फेरी, टॅब्लेटचा कप्पा ताटाने अडलेला, `Klarspüler` रिकामा, काहीही असू शकतं. म्हणून माझ्या घरी मी मीठ वेगळंच घालतो.

गोदाकाठ
माझा प्रश्न कुकरचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पाच लिटरचा कुकर `Intensiv 70°` वर लावला, तो आतून-बाहेरून काळाकुट्ट झाला. यालाही मीठ कमी पडलं का? आईने लग्नात दिलेला आहे हो.

कृष्णाकाठ
नाही, यात मिठाचा संबंध नाही. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते आणि अ‍ॅल्युमिनियमवर ती असंच करते, गरम पाण्यात लवकर. भोकं पडली नसतील तर आत पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून उकळा, बराच काळेपणा उतरतो. पुढे मात्र हातानेच धुवा. तांब्या-पितळेची आणि बिडाची भांडीही आत नकोत.

सिंहगड_रोड
पुण्यात आहे. परत येताना जर्मनीतलं मशीन सोबत आणलं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. टीडीएस मीटरवर 600 दाखवतं. एक जर्मन अंश म्हणजे 17.8 पीपीएम, भागाकार केला तर जवळजवळ 34 अंश. म्हणून `H:07` ठेवलं. मीठ भयंकर जातंय, दर दहा दिवसांनी दिवा.

कृष्णाकाठ
हिशोब बरोबर, पण मोजलेली वस्तू चुकली. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, त्यात साधं मीठही आलं. जडपणा फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. पाण्याच्या तपासणीचा अहवाल असेल तर त्यात एकूण कठीणपणा बघा आणि त्या आकड्याला 17.8 ने भागा. नाहीतर पट्ट्या किंवा थेंबांचं किट मिळतं.

सिंहगड_रोड
अहवाल सापडला. एकूण कठीणपणा 420. म्हणजे साडेतेवीसच्या वर. `H:06` केलं. मीठ किती दिवस पुरतं ते महिनाभराने लिहितो.

मुसाफिर
आमचा अनुभव फ्रिजचा, फ्रँकफर्टचा. दोन आठवडे भारतात जाणार होतो. पॅनेलवर `Urlaub` होतं. उर्लाउब म्हणजे सुट्टी, हे मला माहीत होतं. वाटलं, घरी कोणी नसताना फ्रिज जपून चालेल आणि वीज वाचेल. खालच्या भागात लोण्याची दोन पाकिटं, विरजणाचं दही, लिंबाचं लोणचं आणि बायकोने करून ठेवलेली आंबोळीची पिठं होती. परत आलो तर पडद्यावर `14`. पीठ उतू जाऊन खालच्या काचेवर वाळलं होतं, दह्यावर हिरवी बुरशी. वरच्या फ्रीझरमधलं सगळं मात्र जसंच्या तसं.

हे रिकाम्या फ्रिजसाठी आहे. दार बंद ठेवता यावं, आत कुबट वास धरू नये, म्हणून खालचा भाग 14 अंशांवर ठेवतात. फ्रीझर चालूच राहतो. सामान असेल तर `Urlaub` ला हात लावू नका, नेहमीच्या 4 वरच ठेवा.

वाकायाचा_मावळा
तोक्योत राहतो. आमच्या फ्रिजच्या फिरत्या बटणावर तीन अक्षरं: `弱` `中` `強`. म्हणजे मंद, मध्यम, जोरदार. मी पहिल्या उन्हाळ्यात `弱` वर ठेवलं होतं, कारण त्याच बाजूला बाण होता आणि तोच सगळ्यात थंड असेल असं धरलं. दूध दोन दिवसांत फाटायचं. `強` म्हणजे थंडावा जोरात. भारतातल्या जुन्या फ्रिजवर आकडा वाढला की थंडी वाढते, तसंच हे. दुकानात बदलून आणलेलं दूधही फाटलं, तेव्हा शेजारच्या आजींनी अक्षरं वाचून दाखवली.

सातारकर
माझी आई तीन महिने आमच्याकडे होती. तिने सलग चार दिवस `Vorspülen` दाबलं, कारण ते सगळ्यात लवकर संपायचं. भांडी ओली निघायची पण वरणाचे डाग तसेच. तिला वाटायचं मशीनच वाईट आहे. `Vorspülen` म्हणजे नुसतं आधीचं विसळणं, गार पाण्याने. भांडी रात्री भरून सकाळी धुवायची असतील तेव्हा वास येऊ नये म्हणून ते.

मग आम्ही दोघांनी मिळून पांढऱ्या चिकटपट्टीवर मराठीत लिहून बटणांखाली लावलं. तिने शब्द स्वतः निवडले. `Intensiv` खाली "तेलकट कढई", `Auto` खाली "रोजचं", `Eco` खाली "रात्री लावा", `Glas` खाली "पेले". `Vorspülen` खाली तिने लिहिलं "फक्त विसळणं, धुतलं नाही". ती गेली त्याला वर्ष झालं, पट्टी अजून आहे. `Auto` खालचा काना पाण्याने पुसट झालाय, तो मागच्या आठवड्यात मी पेनाने पुन्हा गिरवला.

पारिजातक
सातारकर, आईंनी निवडलेले शब्द मी घेतले तर चालेल ना? माझ्या सासूबाई डिसेंबरात येताहेत. मिठाच्या दिव्याखाली "मीठ संपलं" असंही लिहिणार आहे.

सातारकर
हो, जरूर घ्या. आजच आईला फोन करून सांगतो.