माइकचा स्टँड काढला की पडदा बिघडतो, मदत हवी आहे

राजवाडा_७: मंडळाच्या दिवाळी पहाटेचे फोटो स्मरणिकेला उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचेत. माइकचे स्टँड आणि केबली काढायच्यात. काढलं की मागचा पडदा घाण दिसतो. लवकर सांगा.

पोहेजिलेबी: Photoshop मध्ये Content-Aware Fill मारा, दोन मिनिटांचं काम.

राजवाडा_७: तेच मारलं हो! चुण्या तुटल्या, शिवाय गाणाऱ्या बाईंचे केस पडद्यावर उगवले.

सराफा_रात्र: केस उगवणारच. Fill च्या खिडकीत हिरवा भाग दिसतो ना, तिथूनच तो माल उचलतो. बाईंवरचा हिरवा ब्रशने पुसा. पडदा कसला? दांडी आडवी की उभी?

राजवाडा_७: मरून मखमल, उभ्या चुण्या. एक उभा स्टँड, त्यावरून तिरकी दांडी बाईंच्या तोंडापर्यंत.

सराफा_रात्र: मग ही दोन वेगळी दुखणी आहेत. तिरकी दांडी प्रत्येक चुणी थोडीशीच कापते, म्हणून त्याच चुणीचा वरचा तुकडा खाली आणायचा. नवा लेयर घ्या, Clone Stamp, Sample मध्ये Current & Below. चुणीच्या उजळ कडेवर दांडीच्या जरा वर Alt धरून क्लिक करा, मग त्याच कडेवर सरळ खाली येऊन रंगवा. नेम बाजूला सरकला की कड तिथेच मोडलेली दिसते. पडदा खाली काळोखा होत जातो, त्यामुळे आणलेला तुकडा फिका वाटेल. फक्त त्या लेयरवर Curves लावून थोडा गडद करा.
उभा स्टँड मात्र अख्खी चुणी झाकतो, तिथे वरून घेण्यासारखं काही उरत नाही. दोन-तीन चुण्या सोडून पुढची उचला, शेजारची घेतली तर जुळं लगेच ओळखू येतं. आणि आरशासारखी उलटवू नका, उजेडाची बाजू बदलते.

पोहेजिलेबी: एवढा खटाटोप कशाला, Healing Brush आहे की. रंग आपोआप जुळतो.

सराफा_रात्र: पडद्याच्या मधोमध जुळतो. साडीच्या काठाला लागून फिरवलात की तिचा रंग मरूनमध्ये धुरासारखा पसरतो. कडेला क्लोनच.

आजोबा_स्नेहलतागंज: आमच्या नातवाच्या मुंजीत फोटोग्राफरने पंखा काढताना भटजींचा हातच काढला होता. पुढच्या वेळी कॉलर माइक लावा, कटकट नको.

पोहेजिलेबी: आजोबा, शास्त्रीय गाण्याला कॉलर माइक? शेजारचा तबलाच जास्त ऐकू येईल.

आजोबा_स्नेहलतागंज: आमच्या वेळी माइकशिवायही शेवटच्या रांगेला ऐकू यायचं.

राजवाडा_७: दांडी गेली!! पण माइकनं बाईंची हनुवटी झाकली आहे, ती कशी आणू?

सराफा_रात्र: हे आता सांगताय? लगेच आधी-नंतर काढलेल्या फोटोत हनुवटी दिसते का? मान तशीच असेल तर तो फोटो वर ठेवा, Auto-Align Layers करा आणि मास्कने तेवढीच हनुवटी घ्या. नसेल तर माइक राहू द्या. चेहरा क्लोनने रचायला जाऊ नका, बाई ओळखू येणार नाहीत.

राजवाडा_७: सगळ्या फोटोंत मान वेगळी. माइक ठेवतो. पण दांडीशिवाय तो हवेत लटकतोय!

सराफा_रात्र: मग दांडी परत आणा. वेगळ्या लेयरवर काम केलं होतं ना?

राजवाडा_७: …