शब्दचर्चा : ‘नंदूची आई’ आणि ‘नंदूचे बाबा’ इंग्रजीत कसे न्यायचे?

ओवी : एका मराठी एकांकिकेचा प्रयोग परदेशात आहे, तिथे पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवायच्या आहेत. सत्तरीतलं जोडपं, मुलगा नंदू ४६ वर्षांचा आणि वीस वर्षं परदेशात. दोघं एकमेकांना सतत मुलाच्या नावाने हाक मारतात. तीन ओळी अडल्यात.

म्हातारा : “अगं नंदूची आई, गोळी घेतलीस का?”
म्हातारी : “तुम्ही घ्या आधी, नंदूचे बाबा. मग मला विचारा.”
शेजारीण, खिडकीतून : “अहो नंदूच्या आई, दूध उतू गेलं हो!”

‘नंदूज मदर’ लिहिलं की शाळेतल्या बाईंनी पालकांना बोलावल्यासारखं वाटतं. ‘डार्लिंग’ लिहिलं तर म्हातारा भलताच कोणी होतो. आणि यातली माया सांगायची कशी?

कोथरूडकर : सोपं आहे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती. म्हणून बायका ‘अहो’, ‘इकडून’ आणि मूल झाल्यावर ‘नंदूचे बाबा’ म्हणत. माया वगैरे नंतर चिकटवलेली. तळटीप द्या, विषय संपला.

जुना कोश : कोथरूडकर, निम्मं बरोबर. पण तुमच्या कारणाने फक्त बायकोची हाक उलगडते. नवराही ‘नंदूची आई’च म्हणतो, त्याचं काय? बायकोच्या आयुष्याची भीती कोणी घातल्याचं ऐकिवात नाही. एक जुना संस्कृत श्लोक आहे. स्वतःचं, गुरूचं, अतिकंजूष माणसाचं, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव कल्याण इच्छिणाऱ्याने घेऊ नये, असं त्यात सांगितलंय. म्हणजे बंधन दोन्हीकडून होतं. फरक एवढाच की बायकोचं बंधन चारचौघांत कडक पाळलं जाई आणि त्यातून सुटायला उखाण्याची रीतसर वाट ठेवलेली होती.

हा प्रकार मराठीपुरता नाही. मुलाच्या नावावरून आईबापांना ओळखण्याला टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये ‘टेक्नोनिमी’ हे नाव दिलं. अरबीतले ‘अबू अमुक’ आणि ‘उम्म अमुक’ त्याच जातीचे. मात्र अरबीत ते बाहेरच्या जगातही मानाने वापरलं जातं, नवरा-बायकोतली मराठी हाक बहुतेक घराच्या उंबऱ्याआतली.

सुमती : श्लोकात थोरल्या अपत्याचंही नाव घेऊ नये म्हटलंय ना? मग ‘नंदूची आई’ म्हणताना थोरल्याचंच नाव घेतलं जातं की.

जुना कोश : नेमकी शंका. एक उत्तर असं देतात की ‘नंदू’ हे पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नंदकुमार असेल किंवा आणखी काही, हाकेत येतं ते लाडाचं नाव. ‘बंड्याची आई’ सहज कानावर येतं, ‘पुरुषोत्तमची आई’ तितकं येत नाही. पण याचं कारण तो श्लोकच आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. लांब नाव हाकेला जड पडतं, हे साधं कारणही पुरेसं असेल.

रेवदंडा : आमच्या घरी हे रोज चालतं. अबोला असला की आई म्हणते, “चिनू, तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय.” बाबा दोन हातांवर बसलेले असतात. हे इंग्रजीत कसं सांगायचं, हा मलाही प्रश्न आहे.

ओवी : रेवदंडा, तो प्रकार वेगळा. तिथे चिनू खराच हजर असतो आणि निरोप्या असतो. माझ्या नाटकात नंदू घरात नाही, तरी त्याचं नाव हाकेत आहे.

जुना कोश : आणि व्याकरणही वेगळं. ‘तुझ्या बाबांना सांग’ यात बोलणं मुलाशी, रोख नवऱ्यावर. ‘नंदूचे बाबा’ यात बोलणं थेट नवऱ्याशी. पहिल्यात तिसरं माणूस लागतं, दुसऱ्यात नाही. इंग्रजीत पहिलं सरळ जातं, कारण भांडलेली जोडपी मुलांमार्फत बोलतात हे तिकडेही ओळखीचं आहे. ओवीचं अडलंय ते दुसरं.

आता ओवी, तुमच्या तीन ओळींकडे नीट बघा. नवरा म्हणतो ‘नंदूची आई’. शेजारीण म्हणते ‘नंदूच्या आई’. हा मुद्रणदोष नाही. ‘नंदूची आई आली’ हे एकवचन, ‘नंदूच्या आई आल्या’ हे आदरार्थी बहुवचन. शेजारणीने ‘अहो’ लावलं की ‘च्या’ येतो, नवऱ्याने ‘अगं’ म्हटलं की ‘ची’ येते. एका प्रत्ययावरून कळतं की बोलणारा घरातला की बाहेरचा. बाबांच्या बाबतीत मात्र दोघंही ‘नंदूचे बाबा’च म्हणतात, कारण बायकोही नवऱ्याला आदरार्थीच बोलते. म्हणजे जवळिकीचा फरक फक्त आईच्या हाकेत दिसतो.

गंमत म्हणजे ‘माझ्या बाळा’, ‘माझ्या राजा’ अशा हाकेत ‘माझा’चं ‘माझ्या’ होतं. त्या हिशेबाने नवऱ्याच्या तोंडीही ‘नंदूच्या आई’ यायला हवं होतं. येत नाही, कारण त्याच्या जिभेवर ‘नंदूचीआई’ हा जणू एकच शब्द झालाय, विशेषनामासारखा. माझ्या मते तुमच्या इंग्रजीची किल्ली इथेच आहे. ते वर्णन नाही, नाव आहे. म्हणून त्याचा अर्थ भाषांतरित करू नका, नाव म्हणून तसंच ठेवा.

कोथरूडकर : पण काही नवरे ‘अहो नंदूच्या आई, ऐकलंत का’ असंही म्हणतात. मुद्दाम.

जुना कोश : म्हणतात, आणि ती थट्टा असते किंवा रुसवा काढणं. घरातल्याने बाहेरच्याचा सूर लावला म्हणूनच ते गमतीचं होतं.

सुमती : परदेशी रंगभूमीसाठी या ओळी लिहिण्याचं काम करते, म्हणून थोडं कामाचं सांगते. ओवीताई, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी, हे माप धरून चाला. त्यात रोमन लिपीतलं ‘नंदूची आई’ आणि गोळीचा प्रश्न मिळून ३९ अक्षरं होतात. ‘नंदूज मदर’ लिहिलं तर ४१. दोन्ही मावतात, तेव्हा जागेची सबब सांगून हाक गाळू नका.

टाळायच्या गोष्टी तीन. ‘द मदर ऑफ माय सन’ कधीही नको. इंग्रजी कानाला ते घटस्फोट झालेल्या किंवा कधी लग्नच न केलेल्या माणसाचं बोलणं वाटतं. आपल्याकडे मूल हा दोघांना बांधणारा दुवा, तिकडे त्याच शब्दांतून ‘आता आमच्यात फक्त मूल उरलंय’ असा अर्थ निघतो. अगदी उलट.

दुसरं, नुसतं ‘मदर’. इंग्लंड-अमेरिकेत जुनी जोडपी एकमेकांना ‘मदर’, ‘फादर’ किंवा ‘मा’, ‘पा’ म्हणत, तेव्हा भावाने हे सगळ्यात जवळचं. पण आजच्या तरुण प्रेक्षकाला म्हातारा स्वतःच्या आईशी बोलतोय असं वाटेल. रंगमंचावर अंधार असेल तर नक्कीच.

तिसरं, ‘डिअर’, ‘लव्ह’ वगैरे. हे शब्द माया उघड बोलून दाखवतात. तुमच्या म्हाताऱ्याची माया गोळीच्या चौकशीत आहे, संबोधनात नाही. संबोधनात भरलीत तर गोळीचं वाक्य रिकामं पडेल.

ओवी : मग तसंच ठेवलेलं ‘नंदूची आई’ प्रेक्षकाला कळणार कसं? तळटीप तर पडद्यावर देता येत नाही.

सुमती : पहिल्या वेळी ‘नंदूज मदर’, पुढे सगळीकडे ‘नंदूची आई’ रोमन लिपीत. पहिल्या दोन-तीन मिनिटांत नंदूचा फोन येत असेल तर फारच सोपं. तो ‘आई’ म्हणतो, तिथे भाषांतर न करता ‘आई’च ठेवा, की शब्द लागला. शेजारणीची हाक मात्र वेगळी करा. तिथे आडनावाने ‘मिसेस अमुक’ लिहा. ‘ची’ आणि ‘च्या’ यांतला फरक इंग्रजीत असाच वाचेल.

प्रयोगाच्या पत्रकात जागा असते. तिथे ‘भारतीय स्त्रिया नवऱ्याचं नाव घेत नाहीत’ असा धडा नको. दोन वाक्यं पुरेत : नंदू जन्मला तेव्हापासून दोघं एकमेकांना याच नावाने हाक मारतात. नंदू आता ४६ वर्षांचा आहे आणि वीस वर्षांपासून या घरात राहत नाही. आकडेच बोलतात, विशेषणं लावू नका.

आणि ‘तू’ आणि ‘तुम्ही’ सोडून द्या. ते इंग्रजीत येत नाही. ‘सर’ घालून आदर आणायला गेलात तर ती मोलकरीण वाटेल.

वऱ्हाडी : हे सगळं पुण्याकडचं झालं. आमच्याकडे ‘नंदूची माय’ म्हणतात आणि त्यात ‘आई’पेक्षा जास्त माती आहे. नाटक कुठल्या गावचं आहे ते आधी बघा. रोमन लिपीत ‘आई’ ठेवायची की ‘माय’, तेही त्यावरच ठरेल.

मुक्ता : मला या मायेचाच संशय आहे. लग्नात मुलीचं आडनाव जातं, अनेक घरांत ताटातल्या तांदळात लिहून पहिलं नावही बदलायचे. उरलंसुरलं नाव मूल झाल्यावर गेलं. तिला स्वतःच्या नावाने शेवटची हाक कधी ऐकू आली असेल? पत्रकात हे कुठे येणार?

जुना कोश : मुद्दा खोडता येणार नाही. फक्त एवढं म्हणेन की या हाकेत नवऱ्याचंही नाव जातं. पण त्याचं नाव दारावरच्या पाटीवर आणि मनीऑर्डरवर शिल्लक राहतं, तिचं राहत नाही, हेही खरं.

मुक्ता : आणि मूलच नसेल तर? ते जोडपं आयुष्यभर ‘अहो’ आणि ‘अगं’ यांवरच राहतं. आधी मुलगी आणि मग मुलगा झाला तर काही घरांत हाक मुलाच्या नावावर सरकते. त्या मुलीला काय वाटत असेल?

सुमती : काही घरांत सरकते, काही घरांत मुळीच नाही. पहिली लागलेली हाक जीभ सोडत नाही. नियम कोणी सांगू नये.

ओवी : एक सांगायचं राहिलं. शेवटच्या प्रवेशात म्हाताऱ्याला इस्पितळात नेतात. काउंटरवरचा मुलगा पेशंटचं नाव विचारतो. ती आधी ‘नंदूचे बाबा’ म्हणते. तो पुन्हा विचारतो. मग ती पूर्ण नाव सांगते. आमच्या पहिल्या मसुद्यात, पात्रं ओळखू यावीत म्हणून, तिच्या ओळींत त्याचं नाव चार ठिकाणी घातलंय.

सुमती : चारही काढा, आजच. मूळ संहितेत ती नाव उच्चारते ते फक्त काउंटरवर. पडद्यावर तिच्या तोंडी ते आधी एकदा जरी दिसलं, तरी शेवटची ओळ नुसती फॉर्म भरण्याची होईल. पात्र ओळखायला हवं असेल तर नाव शेजारणीच्या किंवा पोस्टमनच्या तोंडी द्या. आणि ती पहिल्यांदा ‘नंदूचे बाबा’ म्हणते, तिथेही तीच रोमन ओळ ठेवा. तो मुलगा का गोंधळला ते प्रेक्षकाला कळायला हवं.

जुना कोश : पूर्ण नावात सासऱ्यांचंही नाव येणार. जुन्या वळणाची बाई तिथेही अडखळेल. संहितेत ती विश्रांती आहे का, तेवढं बघा. असेल तर ओळ दोन तुकड्यांत पाडा, एकदम दाखवू नका.

ओवी : आहे. मधे ती पदर सारखा करते, असं कंसात लिहिलंय. दोन तुकडे करते. गाव विदर्भातलं नाही, म्हणून ‘आई’ ठेवतेय. मुक्ताच्या प्रश्नाचं पत्रकात काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.