मदत हवी आहे: मर्ज सॉर्टमध्ये काही भाव दोनदा येतात, काही गायब होतात

ओंकार_पंचवटी
मर्ज सॉर्ट लिहिलंय, पण उत्तर चुकतंय. एरर काही नाही, प्रोग्रॅम नीट संपतो. फक्त आउटपुटमध्ये काही आकडे दोन-दोनदा दिसतात आणि काही दिसतच नाहीत. लॉजिक पुस्तकाशी ताडून पाहिलंय, बरोबर आहे. उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे. ज्याला माहीत असेल त्याने प्लीज पटकन सांगा.

गंगापूररोडकर
भाषा कुठली? कोड कुठे आहे? इनपुट काय दिलं, आउटपुट काय आलं? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

निफाडकर_तात्या
अगदी हेच माझ्याकडे झालं होतं. द्राक्षाच्या हिशोबात मी फक्त भावाचा कॉलम निवडून सॉर्ट मारला. भाव चढत्या क्रमाने लागले, पण शेतकऱ्यांची नावं जागच्या जागीच राहिली. सगळी पट्टी चुकली. एक्सेल `Expand the selection` असं विचारतं, तिथे होकार द्यायचा. तेवढं बघ आधी.

ओंकार_पंचवटी
तात्या, एक्सेल नाही, सी आहे. काका पिंपळगावला आडतीवर आहेत, त्यांच्याकडून कांद्याच्या भावांची फाइल घेतली आहे. क्विंटलचे भाव आहेत, साधे `int`. फाइल मोठी आहे, इथे मावणार नाही.

सचिन_सिडको
मग एवढा घोळ कशाला घालतोस? `qsort` वापर, चार ओळींत काम होतं. स्वतःचं सॉर्ट लिहिणं म्हणजे नसती उठाठेव. कामावर कोणी लिहीत नाही.

ओंकार_पंचवटी
लायब्ररीतलं चालत नाही दादा, प्रॅक्टिकलला स्वतः लिहायचं असतं.

मेघना_इंदिरानगर
ओंकार, मोठी फाइल बाजूला ठेव. फक्त 2 आकडे देऊन बघ, मग 3, मग 4. प्रत्येक वेळी आकडे उलटसुलट क्रमाने दे. नेमकं कितीला बिघडतं ते सांग.

ओंकार_पंचवटी
2 आणि 3 आकडे कसेही दिले तरी बरोबर येतं. 4 दिले की बिघडतं.
दिले: 1850 1400 2100 1250
आलं: 1250 2100 2100 1250

मेघना_इंदिरानगर
मग मला साधारण अंदाज आला. 3 आकड्यांपर्यंत तुझ्या प्रोग्रॅममधला प्रत्येक मर्ज अरेच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे 0 पासून सुरू होतो. 0 आणि 1 यांचा एक, आणि मग 0 ते 2 असा दुसरा. उजव्या बाजूला एकटाच आकडा असतो, त्याला मर्ज लागत नाही. 4 आकडे झाले की पहिल्यांदाच 2 पासून सुरू होणारा मर्ज येतो. बिघाड तिथेच होतोय, म्हणजे `lo` कुठेतरी मिळवायचा राहिलाय. आता `merge` टाक, बाकी नको.

ओंकार_पंचवटी

```c
int tmp[5000];

void merge(int a[], int lo, int mid, int hi)
{
    int i = lo, j = mid + 1, k = 0;
    while (i <= mid && j <= hi)
        tmp[k++] = (a[i] <= a[j]) ? a[i++] : a[j++];
    while (i <= mid)
        tmp[k++] = a[i++];
    for (i = 0; i < k; i++)
        a[i] = tmp[i];
}
```

सचिन_सिडको
सापडलं! डाव्या भागातले उरलेले आकडे तू `tmp` मध्ये घेतोस, उजव्या भागातले घेतच नाहीस. `while (j <= hi) tmp[k++] = a[j++];` ही ओळ गाळलीस. म्हणून आकडे गायब होतात. माझ्याही पोरांना शिकवताना हीच चूक दर वर्षी दिसते.

ओंकार_पंचवटी
टाकली ती ओळ. आउटपुट अगदी तेच, 1250 2100 2100 1250. एका आकड्याचाही फरक नाही.

मेघना_इंदिरानगर
फरक पडणार नव्हताच. कागदावर करून बघू.

पहिला मर्ज 0 आणि 1 चा. `tmp` मध्ये 1400, 1850 जातात आणि `a[0]`, `a[1]` मध्ये परत येतात. अरे झाला 1400 1850 2100 1250. इथपर्यंत ठीक.

दुसरा मर्ज 2 आणि 3 चा. `tmp` मध्ये 1250, 2100 बरोबर लागतात. पण परत ठेवताना तुझा `i` 0 पासून सुरू होतो, म्हणून ते `a[2]`, `a[3]` मध्ये न जाता पुन्हा `a[0]`, `a[1]` मध्येच जाऊन बसतात. अरे झाला 1250 2100 2100 1250. तुझे 1400 आणि 1850 इथे पुसले गेले, आणि 2100 व 1250 ची जुनी प्रत मागे तशीच राहिली. तू म्हणालास ते "दोनदा" आणि "गायब" दोन्ही या एकाच क्षणी झालं.

तिसऱ्या मर्जला हाच बिघडलेला अरे मिळतो. तो उजवा भाग सॉर्ट झालेला आहे असं धरून चालतो, आणि तो तसा नाहीच.

खात्री करायची असेल तर `merge` च्या शेवटी `lo`, `hi` आणि पूर्ण अरे छापून बघ. दुसऱ्याच ओळीत दिसेल.

अभिजित_नाशिकरोड
सोपं आहे. परत ठेवायचं लूपच `lo` पासून `hi` पर्यंत चालव: `for (i = lo; i <= hi; i++) a[i] = tmp[i];`

आणि हो, `mid` काढताना `(lo + hi) / 2` लिहिलं असेल तर आधी ते बदल. `lo + (hi - lo) / 2` लिही. जोशुआ ब्लॉक यांनी 2006 मध्ये यावर लिहिलं होतं. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये हा ओव्हरफ्लो कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता, आणि मर्ज सॉर्टलाही तेच लागू होतं. ही खरी गंभीर चूक, लोक हिच्याकडे बघतच नाहीत.

गंगापूररोडकर
अभिजित, बेरीज 2147483647 च्या पुढे जायला अरेमध्ये 107 कोटींहून जास्त आकडे लागतात. त्याच्या `tmp` मध्ये 5000 मावतात. सवय म्हणून ठीक आहे, पण पोराला रात्री दुसऱ्याच वाटेला लावू नकोस.

अभिजित_नाशिकरोड
सवय लावायची ती पहिल्यापासूनच लावावी. आज 5000 आहेत म्हणून चुकीचं शिकायचं का?

ओंकार_पंचवटी
अभिजितदादांची लूपची ओळ टाकली. आता 0 0 1400 1850 येतंय. हे शून्य कुठून आले? फाइलमध्ये शून्य भाव नाहीच.

मेघना_इंदिरानगर
आता लिहायची जागा बरोबर झाली आणि वाचायची जागा चुकली. दुसऱ्या मर्जमध्ये 1250 आणि 2100 हे `tmp[0]` आणि `tmp[1]` मध्ये आहेत, कारण `k` तू 0 पासून चालवतोस. नवं लूप मात्र `tmp[2]` आणि `tmp[3]` वाचतं. तिथे आजवर कुणी काही ठेवलंच नाही. `tmp` फंक्शनच्या बाहेर जाहीर केलेला आहे म्हणून तिथे शून्य मिळालं. फंक्शनच्या आत असता तर कुठलातरी भलताच आकडा आला असता, आणि कधीकधी योगायोगाने बरोबरसुद्धा.

हा फरक लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. तुझेच आकडे दोनदा दिसले तर आधी लिहायची जागा तपास. इनपुटमध्ये नसलेला आकडा दिसला तर वाचायची.

तुझं मूळ लूपच ठेव आणि एवढंच बदल:

```c
    for (i = 0; i < k; i++)
        a[lo + i] = tmp[i];
```

अभिजित यांचं लूप ठेवायचं असेल तर `a[i] = tmp[i - lo]` लिही. दोन्ही चालतात, पण मिसळू नकोस.

सचिन_सिडको
ठीक आहे, `lo` चं मान्य. पण उजवीकडचे उरलेले घ्यायची ओळ तरीही हवीच. त्याशिवाय मर्ज अर्धवट आहे.

मेघना_इंदिरानगर
या कोडमध्ये नको. दुरुस्तीनंतरचा शेवटचा मर्ज बघा. अरे आहे 1400 1850 1250 2100. `tmp` मध्ये 1250, 1400, 1850 जातात आणि डावा भाग संपतो. 2100 उरला, `k` झाला 3. तीन आकडे परत ठेवले जातात आणि 2100 आधीपासून `a[3]` मध्येच आहे, त्याला तिथेच राहायचं होतं. उजवीकडे जितके उरतात ते नेहमी `hi` ला टेकूनच असतात आणि उरलेल्यांत सगळ्यांत मोठे असतात, म्हणून ते हलवावे लागत नाहीत. डाव्या भागाचं तसं नाही. त्यातले उरलेले मागे सरकवावेच लागतात, म्हणून ती ओळ काढता येत नाही.

हे खरं ठरतं ते फक्त `k` इतकेच आकडे परत ठेवले तर. `lo` ते `hi` सगळं परत ठेवणार असाल तर सचिन म्हणतात ती ओळ लागतेच, नाहीतर `tmp` मधला आधीचा गाळ अरेमध्ये येतो.

सचिन_सिडको
म्हणजे पुढे कोणी लूप बदललं की कोड मोडणार. मी तर ओळ ठेवायलाच सांगेन. एका ओळीने काय बिघडतं? वाचणाऱ्यालाही दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

गंगापूररोडकर
सचिनशी सहमत. एक्स्टर्नलसमोर "ती ओळ का नाही" हे समजावत बसण्यापेक्षा लिहून टाकावी.

मेघना_इंदिरानगर
ठेवायला माझी ना नाही. पण ओंकारला विचारलं तर तिचं काम सांगता यायला हवं. "पुस्तकात होती" हे उत्तर चालणार नाही.

ओंकार_पंचवटी
`lo + i` केलं, 4 आकडे बरोबर आले! 1250 1400 1850 2100. पूर्ण फाइलपण क्रमाने लागलेली दिसतेय. पण हजारो भाव आहेत, एखादा गायब झालाय का ते डोळ्यांनी कसं कळणार?

मेघना_इंदिरानगर
सॉर्टच्या आधी सगळ्या भावांची बेरीज करून ठेव, नंतर पुन्हा कर, `long long` मध्ये. बेरीज जुळली नाही तर आकडे हरवलेत हे नक्की. जुळली म्हणून शंभर टक्के बरोबर असं नाही, पण या प्रकारची चूक बहुतेक वेळा पकडली जाते. तुझ्या पहिल्या आउटपुटची बेरीज 6700 होते, इनपुटची 6600. तिथेच कळलं असतं. आणि शेजारचे दोन-दोन आकडे तपासणारं एक छोटं लूप लाव, मागचा पुढच्यापेक्षा मोठा निघाला तर छाप.

एक राहिलं. फाइलमध्ये नेमके किती भाव आहेत? 5000 पेक्षा जास्त असतील तर `tmp` अपुरा पडेल.

ओंकार_पंचवटी
बेरीज जुळली. भाव 3 हजार 800 च्या आसपास आहेत. सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: काकांना जास्त भाव वर हवाय, आणि सारखा भाव असेल तर आधी आलेला ट्रॅक्टर आधी. `<=` चं `>=` केलं तर पुरेल ना?

मेघना_इंदिरानगर
पुरेल. `>` नको करू, नाहीतर सारख्या भावात उजवा आधी उचलला जाईल आणि ट्रॅक्टरचा क्रम उलटापालटा होईल. पण आता तू नुसते भाव सॉर्ट करतोयस. ट्रॅक्टरचा नंबर सोबत नसेल तर क्रम राहिला की नाही ते दिसणारच नाही. भाव आणि नंबर एका `struct` मध्ये घे आणि `tmp` पण त्याच प्रकारचा कर.

निफाडकर_तात्या
हेच मी वर म्हणत होतो. नुसता भावाचा कॉलम हलवायचा नाही, पूर्ण ओळ हलली पाहिजे.

अभिजित_नाशिकरोड
आणि `mid` ची ओळ बदललीस का ते सांगितलं नाहीस अजून.