मदत हवी आहे: हाँगकाँगच्या नंबरात शेवटी 54 चालेल का?

ऑफिसच्या हाँगकाँगमधल्या ग्राहकांसाठी फोन नंबर घ्यायचाय. निम्मे फोन कँटोनीज बोलणाऱ्यांचे, बाकीचे चीनमधून मँडरिन बोलणाऱ्यांचे. 4 चा उच्चार दोन्हीकडे ‘मरण’ या शब्दाजवळ जातो, म्हणून 4 असलेले बहुतेक नंबर आधीच गाळले. 14 तर नकोच. मँडरिनमध्ये फोन नंबर सांगताना 1 ला ‘याओ’ म्हणतात, त्यामुळे 14 ऐकताना ‘मरणार’ असं वाटतं. पण 4 नसलेल्या, 8 भरलेल्या नंबरांना जास्तीचे पैसे मोजावे लागतात आणि तेवढं बजेट नाही.

आता दोनच उरलेत. एकाच्या शेवटी 6854, दुसऱ्याच्या 7239. कँटोनीजमध्ये 54 हे ‘मरत नाही’सारखं ऐकू येतं म्हणे, म्हणजे उलट शुभच. मँडरिनमध्ये मात्र 5 ‘मी’च्या जवळ जातो. दुसऱ्यातले 7 आणि 9 कँटोनीज शिव्यांशी जुळतात, फरक फक्त सुराचा. पण हे आकडे तिथे सर्रास वापरात दिसतात.

ग्राहक वयस्कर आहेत आणि नंबर फोनवर तोंडीच सांगावा लागणार, हे धरून सांगा.

तिथे राहिलेल्या कुणी सांगेल का: 7239 ऐकून लोक खरंच हसतात, की 6854 मधला शेवटचा 4 जास्त खटकेल?