क्लच प्लेटची मजुरी: ठरलेली की तासावर?

गॅरेजवाला, सातारा: मी, एक मिस्त्री आणि हाताखाली एक पोरगं, एवढंच आमचं गॅरेज. क्लच बदलायची मजुरी १,८०० ठरलेली. परवा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आल्या. गावातली चार तासांत झाली. बामणोलीकडची खालून गंजलेली होती, तिला सात तास गेले. पैसे दोघांकडून सारखेच घेतले. तासावर बिल लावू का? आणि स्पेअरवर किती ठेवलं तर गिऱ्हाईक बोंब मारणार नाही?

गिऱ्हाईक, कोरेगाव: तासावर मुळीच नको. तुमचं पोरगं पाना शोधत बसणार आणि मीटर माझं पळणार? आकडा आधी सांगा, मग गाडीची चावी घ्या.

हिशेबनीस, कराड: भावनेपेक्षा आकडे बघा. समजा भाडं, पगार, लाईटबिल आणि मालकाचं घरखर्चाचं धरून महिन्याला ८०,००० लागतात. काम करणारे हात दोन, दिवस २६, रोज आठ तास, म्हणजे ४१६ तास. तासाला १९२ रुपये पडले. २०० लावा, विषय संपला.

जुना मिस्त्री, मिरज: साहेब, भागाकार बरोबर आहे, तास चुकलेत. स्पेअर आणायला दुकानात जाणं, फोन, गाडी चालवून बघणं, नुसतं "जरा आवाज ऐका" म्हणून आलेली माणसं, यांचं बिल होत नाही. ४१६ पैकी निम्मे तास विकले गेले तरी नशीब. म्हणजे २०८ तास, आणि दर जातो ३८५ वर. २०० लावलेत तर दिवाळीपर्यंत शटर खाली.

आता क्लचचं बघू. नेहमीच्या गाडीला साडेचार तास धरले तर १,७३० होतात, म्हणजे यांचे १,८०० ठीकच आहेत. ज्या कामाचा वेळ आधी कळतो ते ठरलेल्या मजुरीत करावं. मिस्त्रीचा हात बसला, काम साडेतीनात झालं, तर तो फायदा गॅरेजचा. तासावर लावलंत तर चांगल्या मिस्त्रीचंच बिल कमी होतं. वायरिंगमधला दोष शोधणं मात्र तासावरच, कारण तिथे पहिल्या वायरीत सापडेल की दहाव्या, कोण सांगणार? त्यालाही आधी मर्यादा सांगायची: दोन तास बघतो, नाही सापडलं तर विचारून पुढे.

गंजलेली गाडी या दोन्हींत बसत नाही. तिथे १,८०० अधिक गंजाचे वेगळे पैसे, पण गाडी घोड्यावर चढवून खालचे बोल्ट बघितल्यावर आणि गिऱ्हाइकाला दाखवल्यावर.

गृहिणी, वाई: माझ्या गाडीचा क्लच दाबला की किरकिर आवाज येतो, सोडला की थांबतो. सहा महिन्यांपूर्वीच प्लेट बदलली होती. कुठे दाखवू?

जुना मिस्त्री, मिरज: ताई, बहुतेक रिलीज बेअरिंग आहे. प्लेट बदलताना जुनंच ठेवलं असावं. ठरलेल्या मजुरीचा खरा धोका हाच, घाईत काम उरकलं जातं. बेअरिंग बदलायला वेगळा वेळ लागत नाही, कारण गिअरबॉक्स उतरलेलाच असतो. आता मात्र तो पुन्हा उतरवावा लागेल. पुढच्या वेळी जुना सेट मागून घ्या: प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. प्लेट तेलकट दिसली तर ऑइल सीलही विचारा, नाहीतर नवी प्लेट परत स्लिप होईल.

हिशेबनीस, कराड: तासांचं मान्य. पण स्पेअरवर २५ टक्के सरळ लावा.

जुना मिस्त्री, मिरज: सरळ कसं लावणार? डब्यावर एमआरपी छापलेली असते, तिच्यावर एक रुपया घेता येत नाही. आपलं जे काही, ते दुकानदाराने दिलेल्या सवलतीतच. सेट ३,४०० ला पडला आणि एमआरपी ४,१०० असेल, तर ७०० राहतात, खरेदीवर साधारण २० टक्के. सहा महिन्यांत सेट बिघडला तर दुकानदार फारतर सेट बदलून देतो, गिअरबॉक्स फुकट आपण उतरवायचा. त्याचे पैसे या ७०० मध्ये आहेत.

गिऱ्हाईक, कोरेगाव: मग मीच ३,६०० ला सेट आणून दिला तर?

जुना मिस्त्री, मिरज: आणा की. बसवायची हमी माझी, सेटची तुमची. बिघडला तर मजुरी पुन्हा भरायची. बिलावर तसं लिहून देतो.

गिऱ्हाईक, कोरेगाव: हे पटलं. गंजाचं नाही पटलं. बोल्टची मान गिअरबॉक्स अर्धा सुटल्यावर तुटली तर? तेव्हा गाडी उचलून दुसरीकडे थोडीच नेता येते! म्हणाल तो आकडा द्यावा लागतो.

गॅरेजवाला, सातारा: म्हणून आधीच लिहून घेईन म्हणतो: गंजासाठी जास्तीत जास्त ८००. त्यावर वेळ गेला तर माझा.

जुना मिस्त्री, मिरज: ८०० म्हणजे जेमतेम दोन तास. तुमच्या बामणोलीच्या गाडीला अडीच जादा लागले होते. पावसाळ्यानंतर घाटावरच्या गाड्या रांगेनं येतील, तेव्हा हा आकडा टिकतो का बघा.